दुव्यातील %E0%A4 कोठून येते आणि ते कोठे तुटते

एखाद्या संकेतस्थळावरील ‘शेतकऱ्यांची यादी.pdf’ या फाइलचा पत्ता ब्राउझरच्या ॲड्रेस बारमध्ये बहुधा स्वच्छ देवनागरीत दिसतो, पण तोच पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलमध्ये चिकटवला की टक्केचिन्हे, आकडे आणि रोमन अक्षरे यांची लांबलचक रांग उमटते. अनेकांना वाटते की लिंक बिघडली. प्रत्यक्षात ती रांग हेच पत्त्याचे खरे, प्रवासाला निघालेले रूप असते आणि ॲड्रेस बारमधील देवनागरी ही ब्राउझरने वाचणाऱ्याच्या सोयीसाठी केलेली मांडणी असते.

वेबपत्त्यांच्या व्याकरणाचा सध्याचा आधार म्हणजे जानेवारी 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला आरएफसी 3986 हा दस्तऐवज. त्यानुसार पत्त्यात निर्धोकपणे वापरता येणारी चिन्हे फार थोडी आहेत: इंग्रजी अक्षरे, 0 ते 9 हे अंक आणि संयोगरेषा, पूर्णविराम, अधोरेषा व लाटेसारखी रेघ ही चार चिन्हे. तिरकी रेघ, प्रश्नचिन्ह, # अशा काही चिन्हांना पत्त्यात ठरलेली कामे नेमून दिलेली आहेत. या दोन्हींत न बसणारी प्रत्येक गोष्ट आधी बाइटांत मोडायची आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हापुढे दोन षोडशमान अंक, म्हणजे 0 ते 9 किंवा A ते F यांपैकी दोन चिन्हे, देऊन लिहायचा, असा नियम आहे. रिकाम्या जागेचा बाइट 20 असल्यामुळे ती %20 होते.

रिकाम्या जागेला एवढी बंदी का, हे ब्राउझर सर्व्हरला पाठवतो त्या मागणीची पहिली ओळ पाहिली की लगेच कळते.

```
GET /list.pdf HTTP/1.1
```

या ओळीत क्रिया, पत्ता आणि आवृत्ती असे तीन भाग आहेत आणि त्यांना वेगळे करणारी गोष्ट रिकामी जागा हीच आहे. पत्त्यातच मोकळी जागा सोडली, तर तीनाऐवजी चार तुकडे पडतात आणि पत्ता कोठे संपला हे सर्व्हरला निश्चितपणे सांगता येत नाही. संदेशांच्या ॲपपुढेही हीच अडचण असते. मजकुरातील लिंक ओळखताना ते पहिल्या रिकाम्या जागेपाशी थांबते, म्हणून हाताने टाइप केलेल्या पत्त्यातील ‘शेतकऱ्यांची’ एवढाच भाग निळा होतो, ‘यादी.pdf’ साधा मजकूर म्हणून मागे राहते आणि लिंक उघडणाऱ्याला ‘404’, म्हणजे फाइल सापडली नाही, असा संदेश दिसतो. निळा रंग कोठे थांबला आहे हे पाहणे, ही अशा वेळची सर्वांत सोपी तपासणी आहे.

देवनागरीच्या बाबतीत रांग इतकी लांबते, कारण अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत आपल्या लिपीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि प्रत्येक बाइटला पत्त्यात तीन जागा लागतात. चिन्ह म्हणजे येथे पूर्ण अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘यादी’ हा शब्द य, काना, द आणि वेलांटी अशा चार चिन्हांचा असल्याने तो छत्तीस जागा व्यापतो.

```
%E0%A4%AF%E0%A4%BE%E0%A4%A6%E0%A5%80
```

मूळ देवनागरीत हे प्रत्येक चिन्ह E0 ने सुरू होते आणि त्यानंतर A4 किंवा A5 येते. ही खूण लक्षात ठेवली, तर न उलगडताही पत्त्यात देवनागरी आहे हे ओळखता येते. आपल्या फाइलच्या नावात पंधरा देवनागरी चिन्हे, एक रिकामी जागा आणि .pdf आहे, म्हणजे वीस चिन्हांचे नाव 142 जागांचे होते. एवढा पत्ता ईमेलच्या एका ओळीत मावत नाही, आणि ओळ मध्येच मोडली तर एखाद्या चिन्हाचे तीनपैकी दोनच बाइट लिंकमध्ये उरतात. त्या दोन बाइटांपासून कोणतेच अक्षर बनत नाही. पत्त्याचा शेवट नुसत्या %E0%A4 वर होत असेल, तर तो कापला गेला आहे हे नक्की समजावे.

दुसरा बिघाड अतिकाळजीमुळे होतो. आधीच रूपांतरित झालेला पत्ता एखादा प्रोग्राम कच्चा समजून पुन्हा रूपांतरित करतो. या दुसऱ्या फेरीत टक्केचिन्हाचेच %25 होते, त्यामुळे %20 चे %2520 आणि %E0 चे %25E0 होते. सर्व्हर मात्र एकदाच उलगडतो आणि ज्या फाइलच्या नावात खरोखर %20 ही तीन अक्षरे लिहिलेली आहेत, अशी फाइल शोधत बसतो. अशा पत्त्यातील प्रत्येक %25 च्या जागी % ठेवले की तो बहुधा चालू लागतो. मूळ नावात ‘50% अनुदान’ यासारखे खरे टक्केचिन्ह असेल, तर ते तेवढे %25 असेच राहू द्यावे लागते.

तिसरा बिघाड मराठीला विशेष छळणारा आहे, कारण तो डोळ्यांना अजिबात दिसत नाही. ‘शेतकऱ्यांची’ मधील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये एकापेक्षा अधिक प्रकारे लिहिता येतो. काही कळफलकांवरून नुक्ता असलेले ‘ऱ’ हे एकसंध चिन्ह येते, तर काही ठिकाणी साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह टाकले जाते. तिसऱ्या प्रकारात ‘ऱ’ची र आणि नुक्ता अशी फोड झालेली असते; मॅकवरील जुनी एचएफएस प्लस ही फाइल व्यवस्था नावे अशीच फोडून साठवत असे. पडद्यावर तिन्ही सामान्यतः एकसारखे दिसतात, पण पत्त्यात त्यांची रूपे अनुक्रमे अशी होतात:

```
%E0%A4%B1%E0%A5%8D%E0%A4%AF
%E0%A4%B0%E0%A5%8D%E2%80%8D%E0%A4%AF
%E0%A4%B0%E0%A4%BC%E0%A5%8D%E0%A4%AF
```

लिनक्सवर चालणारे सर्व्हर सहसा फाइलचे नाव बाइटशः जुळवतात, त्यामुळे त्यांच्या लेखी ही तीन वेगळी नावे आहेत. पहिल्या पद्धतीने नाव दिलेली फाइल कोणी दुसऱ्या पद्धतीने टाइप करून मागितली, तर शुद्धलेखनात काहीही न चुकता ती सापडत नाही. ‘अदृश्य चिन्हे’ काढून टाकणाऱ्या काही प्रोग्रामांमुळे तर दुसऱ्या रूपातील %E2%80%8D गळून पडते आणि ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे सारखी करणाऱ्या युनिकोडच्या प्रमाणीकरणात पहिले आणि तिसरे रूप एक होतात, दुसरे मात्र वेगळेच राहते. म्हणून नुसते प्रमाणीकरण करून हा प्रश्न सुटत नाही.

संशय आला की ब्राउझरच्या कन्सोलमध्ये नाव टाकून त्याचे बाइट पाहावेत आणि मिळालेल्या लिंकशी ताडून बघावेत.

```
encodeURIComponent("शेतकऱ्यांची यादी.pdf")
```

पत्ता हाताने पुन्हा टाइप करण्यापेक्षा टक्केचिन्हांची रांग जशीच्या तशी पाठवणे मला अधिक खात्रीचे वाटते. ती कुरूप असली, तरी तिच्यातील प्रत्येक चिन्ह साध्या इंग्रजी टंकातले असते आणि ‘ऱ्य’ कोणता, हा प्रश्नच उरत नाही. फाइल प्रसिद्ध करणाऱ्याला तर दोन्ही साधता येते: सर्व्हरवरील नाव shetkari-yadi.pdf असे ठेवायचे आणि एचटीएमएलमधील download या गुणधर्मात देवनागरी नाव द्यायचे. फाइल त्याच संकेतस्थळावर असेल, तर तेथील दुव्यावर क्लिक करणाऱ्याच्या संगणकावर ती ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावानेच उतरते.

```
<a href="shetkari-yadi.pdf"
   download="शेतकऱ्यांची यादी.pdf">शेतकऱ्यांची यादी</a>
```