डिन आणि डीएससी: नंबर बंद झाला की सहीपण बंद का होते

आज कंपनीचा जवळपास कुठलाही फॉर्म सरकारकडे भरताना डिन, म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक, आणि डीएससी, म्हणजे त्याच्या डिजिटल सहीचं सर्टिफिकेट, सोबतच लागतात, त्यामुळे ही जोडी पहिल्यापासून अशीच होती असं वाटतं. पण दोघांचं मूळ वेगवेगळं आहे. डिजिटल सहीला कायद्याची मान्यता मिळाली २००० च्या आयटी कायद्याने, आणि डिन आला २००६ मध्ये, तोही वेगळ्याच डोकेदुखीतून.

ती डोकेदुखी म्हणजे गायब कंपन्या. नव्वदच्या दशकात आयपीओंची लाट आली होती, लोकांनी धडाधड पैसे लावले आणि नंतर कित्येक कंपन्यांच्या पत्त्यावर ना ऑफिस ना माणूस. संचालक शोधायचे तर आरओसीकडे, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे काय, कागदी फॉर्म ३२, त्यावर नाव, वडिलांचं नाव, पत्ता. आता एका कंपनीत नाव पूर्ण लिहिलंय, दुसरीत नुसती इनिशियल्स, तिसरीत पत्ता जुना, तर हा एकच माणूस आहे की तिघं हे ठरवणार कसं? म्हणून २००६ मध्ये १९५६ च्या कंपनी कायद्यात दुरुस्ती करून कलम २६६ए पासून पुढची कलमं घातली, आणि १ नोव्हेंबर २००६ पासून आठ आकडी डिन लागू झाला. एका माणसाला एकच, कितीही कंपन्यांत असला तरी तोच, आणि जन्मभरासाठी.

त्याच वर्षी कंपनी मंत्रालयाचं एमसीए-२१ पोर्टल आलं, फॉर्म ऑनलाइन जायला लागले, म्हणजे सहीपण ऑनलाइनच हवी. इथे दोन्ही धागे एकत्र आले. संचालकाने स्वतःची डीएससी पोर्टलवर आपल्या डिनला जोडायची, मग फॉर्मवर सही करताना सिस्टीम बघणार की हे सर्टिफिकेट याच डिनवाल्याचं आहे का. गंमत म्हणजे सुरुवातीला डिनचा अर्जच अर्धा कागदी होता, ऑनलाइन भरायचा, प्रिंट काढायची, फोटो चिकटवायचा, अटेस्टेड कागद लावून पाठवायचा. पॅनची सक्ती नंतर आली, तोवर काही जणांकडे दोन-दोन डिन होऊन बसले होते.

डीएससीची मुदत साधारण दोन वर्षं, ती संपली आणि नवी घेतली की पोर्टलवर परत जोडावी लागते. हे विसरलं की फॉर्म अडतो आणि लोक डीएससी ज्यात असते त्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर बघत बसतात 😅

या जोडणीची खरी ताकद कळली सप्टेंबर २०१७ मध्ये. २०१३ च्या कायद्यातलं कलम १६४(२)(ए) म्हणतं की कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षं ताळेबंद किंवा वार्षिक रिटर्न भरलं नाही तर तिचे संचालक पाच वर्षं अपात्र. सरकारने दोन लाखांवर कंपन्या रजिस्टरमधून काढल्या, तीन लाखांवर संचालक अपात्र ठरवले, आणि पोर्टलवर त्यांचे डिन अडवले.

आता समजा एका माणसाच्या दोन प्रायव्हेट कंपन्या आहेत, दोन्हीत तो आणि त्याचा भाऊ असे दोघंच संचालक. पहिली कधीतरी काढली, धंदा झालाच नाही, "व्यवहारच नाही तर काय भरायचं" म्हणून रिटर्न राहिले (शून्य व्यवहार असला तरी भरावं लागतं, हा गैरसमज फार महागात पडलाय लोकांना). दुसरी कंपनी मस्त चालू, सगळे फॉर्म वेळेवर. पहिलीमुळे दोघांचे डिन बंद, आणि डीएससी अगदी वैध असली तरी ती ज्या डिनला जोडलीय तोच बंद, म्हणून दुसऱ्या कंपनीचे फॉर्मपण कुणी सही करू शकत नाही. बरं नवा संचालक घ्यावा तर त्याची नेमणूक कळवायचा डीआयआर-१२, त्यावरही कंपनीतर्फे कुणीतरी चालू डिनवाल्याची सही हवीच. कुलूप आत, किल्लीपण आत.

मग १ जानेवारी २०१८ पासून विलंब माफीची योजना आली, तिच्यात हे डिन तात्पुरते चालू केले, जेणेकरून लोक राहिलेले फॉर्म लेट फीसकट भरतील. पण ज्यांची कंपनी रजिस्टरमधूनच काढलेली त्यांना आधी एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणात जाऊन कंपनी जिवंत करून घ्यावी लागणार होती. बरेच जण हायकोर्टात गेले, आणि गुजरात हायकोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं की कलम १६४(२) खाली अपात्र झाला एवढ्यावरून डिन बंद करायचा अधिकार नियमांत नाहीच. मला हे पटतं, कारण अपात्रता ही संचालकपदाची असते आणि डिन ही माणसाची ओळख. दोन्ही एकाच बटणावर ठेवली की ज्या कंपनीचं काहीच चुकलं नाही तीपण अडकते.

त्याच वर्षी जुलैत डीआयआर-३ केवायसी आलं, म्हणजे डिनवाल्याने आपली ओळख पडताळून द्यायचा फॉर्म, मोबाईल आणि ईमेलवर ओटीपी, वर संचालकाची स्वतःची डीएससी. ज्यांनी मुदतीत भरलं नाही त्यांचा डिन बंद, चालू करायला ५,००० रुपये. म्हणजे बटण तेच, पण या वेळी ते नियमात लिहून घेतलं.