रिअ‍ॅप्रोप्रिएशन: मंजूर संशोधन प्रकल्पात एका हेडचे पैसे दुसऱ्या हेडला

संशोधन प्रकल्पाला अनुदान मिळतं तेव्हा पैसे एकगठ्ठा येत नाहीत, सँक्शन ऑर्डरमध्ये हेडवार फोड असते, म्हणजे इक्विपमेंट, मॅनपॉवर, कन्झ्युमेबल्स, ट्रॅव्हल, कंटिंजन्सी आणि संस्थेचा ओव्हरहेड. एकूण रक्कम तीच ठेवून यातल्या एका हेडचे पैसे दुसरीकडे वळवायची परवानगी मागणं म्हणजे रिअ‍ॅप्रोप्रिएशन, सरकारी मराठीत पुनर्विनियोजन. भारतात डीएसटी, आधीचं सर्ब आणि आताचं एएनआरएफ, डीबीटी, आयसीएमआर अशा अनुदान देणाऱ्या सगळ्या एजन्सींकडे हा प्रकार चालतो. विचारल्याशिवाय किती वळवता येतं हे प्रत्येक योजनेच्या अटींमध्ये वेगळं असतं, त्यामुळे आधी आपली सँक्शन ऑर्डर वाचायची, शेजारच्या लॅबची नाही.

सगळ्यात मोठी भिंत असते कॅपिटल आणि रिकरिंगच्या मध्ये. केंद्राच्या बजेटमध्येच सहाय्यक अनुदानाचे तीन कप्पे आहेत, 31 म्हणजे जनरल, 35 म्हणजे भांडवली मालमत्ता आणि 36 म्हणजे पगार. पैसा 35 मधून आला असेल तर तो केमिकल्सवर खर्च करायला एजन्सीतला अधिकारीसुद्धा सहज हो म्हणू शकत नाही. मशीन जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर स्वस्तात मिळालं, दोन लाख वाचले, आता त्या पैशांत किट घेऊ, असं वाटणं साहजिक आहे पण अशी बचत बहुतेक वेळा परतच जाते. रिकरिंगच्या आतल्या आत, म्हणजे मॅनपॉवरमधून कन्झ्युमेबल्सला वगैरे, मात्र कारण पटलं तर मिळतं.

आता कारण कसं पटवायचं ते एका काल्पनिक उदाहरणावरून बघू. पुण्यातल्या एका कॉलेजचा तीन वर्षांचा प्रकल्प आहे, 240 नमुन्यांमधून आरएनए काढून क्यूपीसीआर करायचंय आणि कन्झ्युमेबल्सला 6 लाख मंजूर आहेत. बजेट केलं तेव्हा सरकारी संशोधन संस्थांना वैज्ञानिक सामानावर 5% जीएसटीची सवलत होती, ती 18 जुलै 2022 पासून गेली आणि बहुतेक सामान 18% वर आलं. दीड वर्षात 100 नमुने झाले, 3.40 लाख खर्च झाले, 45 हजारांच्या ऑर्डरी दिलेल्या आहेत पण बिल यायचंय, हातात राहिले 2.15 लाख. उरलेल्या 140 नमुन्यांना आताच्या कोटेशनप्रमाणे प्रत्येकी 2,800 धरले तर 3.92 लाख लागतात, म्हणजे तूट 1.77 लाखांची. अर्जात नेमके एवढेच मागायचे. 'किमती वाढल्यामुळे अंदाजे दोन लाख' असं लिहिलं की एजन्सीच्या समितीतला कोणीतरी विचारणारच, दोनच का?

पण खरी परीक्षा असते पैसे देणाऱ्या हेडची आणि बहुतेक पीआय, म्हणजे प्रकल्पाचे मुख्य संशोधक, तिथेच एका ओळीत उरकतात. समितीला बघायचं असतं की तिथे पैसा उरला कसा आणि तो काढल्यावर मंजूर झालेलं कुठलं काम बुडणार तर नाही ना. या प्रकल्पात जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलो, सात महिने उशिरा रुजू झाला. पहिल्या नजरेला वाटतं की महिना 37 हजारांच्या फेलोशिपचे सात महिने वाचले, पण त्याची जेआरएफची दोन वर्षं तर पूर्ण होणारच आहेत, कमी होतात ते त्यानंतरचे एसआरएफचे, म्हणजे सीनियर फेलोचे, शेवटचे महिने, म्हणजे 42 हजारांप्रमाणे 2.94 लाख (घरभाडं भत्ता सध्या बाजूला ठेवू). त्यातले 1.77 दिले तर 1.17 लाख उरतात.

आणि गोची इथेच आहे. मुलगा उशिरा आला म्हणजे काम उशिरा संपणार, मग पुढे पीआय जादा पैसे न मागता मुदतवाढ मागणार, तेव्हा त्याला फेलोशिप कशातून देणार? उरलेल्या 1.17 लाखांत दोन महिने निघतात, सहा नाही. म्हणून मुदतवाढ लागणार असेल तर ते याच अर्जात सांगितलेलं बरं, नाहीतर आधी बचत म्हणून दाखवलेला पैसा सहा महिन्यांनी गरज म्हणून मागायची वेळ येते आणि फाइलमधली नोटशीट दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवते.

अर्जासोबत हेडवार तक्ता लागतो, मंजूर, मिळालेले, खर्च, ऑर्डर दिलेले, शिल्लक आणि सुधारित मागणी, शिवाय ताजं खर्चाचं स्टेटमेंट, आणि सह्या पीआय, अकाउंट्स ऑफिसर आणि संस्थाप्रमुखाच्या. तक्त्यातली शिल्लक आणि स्टेटमेंटमधली शिल्लक जुळली नाही की अर्ज समितीपर्यंत न जाताच परत येतो. मुख्य म्हणजे परवानगीचं पत्र हातात येईपर्यंत दुसऱ्या हेडवर खर्च करायचा नाही. आधी खर्च करून मागून मंजुरी मागितली आणि ती नाकारली गेली, तर तो जादा खर्च यूसीमध्ये, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्रात, बसत नाही आणि ती रक्कम संस्थेला स्वतःच्या खिशातून भरावी लागते.