बाळाची शू खालच्या बाजूने येतेय, मग सुंता एवढ्यात का नको?

डायपर बदलताना बहुतेक वेळा आईच्याच लक्षात येतं. बाळ शू करतं तेव्हा धार पुढे उडायच्या ऐवजी खाली, त्याच्याच पायांवर येते. मग नीट बघितलं तर शिश्नाच्या टोकावर भोक नाहीच, फक्त एक खाच दिसते आणि खरं भोक खालच्या बाजूला थोडं मागे असतं. पुढची कातडीही विचित्र, म्हणजे वरून टोपीसारखी भरपूर आणि खालून काहीच नाही. याला हायपोस्पेडियास म्हणतात, आणि हे काही फार दुर्मिळ नाही, साधारण दोनशे-तीनशे मुलांमागे एकाला असतं.

होतं काय, तर गर्भात सुरुवातीला मूत्रमार्ग ही नळी नसतेच, शिश्नाच्या खालच्या बाजूला एक उघडी पन्हळ असते. गर्भाच्या वृषणातून येणाऱ्या पुरुषी हार्मोनमुळे साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या आत त्या पन्हळीच्या दोन्ही कडा वर वळून एकमेकींना चिकटतात, बुडापासून सुरू होऊन टोकाकडे सरकत. हे काम मध्येच थांबलं की जिथे थांबलं तिथे भोक. आणि पुढच्या कातडीचा गोल खालून पूर्ण व्हायला नळी टोकापर्यंत बंद व्हावी लागते, म्हणून नळी अर्धवट राहिली की कातडीही अर्धवट राहते आणि सगळी वरच्या बाजूला गोळा होते. आईने गरोदरपणात अमुक खाल्लं, तमुक केलं म्हणून झालं असं घरात कोणी म्हणालं तर सोडून द्या, बहुतेक मुलांमध्ये एक असं कारण सापडतच नाही.

जास्त करून भोक टोकाच्या जवळच असतं, ते सौम्य. काही मुलांत मात्र ते मधोमध किंवा पार अंडकोषाच्या पिशवीपाशी असतं, आणि जेवढं मागे तेवढा शिश्नाला खाली बाक असण्याची शक्यता जास्त. एक गोष्ट मात्र इथे थांबून सांगायलाच हवी. भोक खाली आहे आणि पिशवीत दोन्ही बाजूंना वृषणाची गोळी हाताला लागत नाही, तर ऑपरेशनचा विचार नंतर, आधी लगेच तपासण्या. कारण असं बाळ मुलासारखं दिसत असलं तरी ती मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीचा आजार असलेली मुलगी असू शकते, आणि त्या आजाराच्या एका प्रकारात पहिल्या काही आठवड्यांतच शरीरातलं मीठ कमी होऊन जीव धोक्यात येतो.

आता समजा एक नेहमीचं बाळ घेऊ. वीस दिवसांचं, भोक टोकाच्या कडेच्या जरा खाली, थोडासा बाक, दोन्ही गोळ्या जागेवर. घरात सुंता करायची पद्धत आहे आणि दिवसही ठरलाय. सर्जन बघतात आणि म्हणतात, सुंता करू नका, सहा महिन्यांनंतर या. घरचे वैतागतात, साहजिक आहे, कारण ऐकायला असं वाटतं की डॉक्टर दोन्ही कामं टाळतायत. पण ती जी वरची जास्तीची कातडी दिसतेय ना, तेच दुरुस्तीचं कापड आहे.

ऑपरेशनमध्ये काय करतात ते बघितलं की हे कळतं. अशा बाळात एक फार वापरली जाणारी पद्धत स्नॉडग्रास या सर्जननी 1994 मध्ये मांडली. भोकापासून टोकापर्यंत जी उघडी पन्हळ राहिलेली असते, तिच्या मधोमध एक उभा छेद देतात, त्यामुळे ती रुंद होते, मग एका बारीक नळीवर तिच्या कडा गुंडाळून शिवतात, म्हणजे गर्भात राहून गेलेलं काम पूर्ण करतात. इथे सुंतेची कातडी कुठे आली? तर या नव्या मार्गाच्या टाक्यांवर थेट बाहेरची कातडी शिवली तर टाक्यांवर टाके येतात आणि मधूनच लघवी झिरपायला वाट मिळते. म्हणून वरच्या कातडीच्या आतून रक्तवाहिन्या असलेला एक पातळ थर सोडवून खाली फिरवतात आणि नव्या नळीवर पांघरूण घातल्यासारखा बसवतात. भोक फार मागे असेल तर तीच आतली कातडी नळी बनवायलाच लागते. सुंता करून कापून टाकली की हे सगळं गेलं. घरच्यांना हवी असेल तर दुरुस्तीच्या वेळीच उरलेली कातडी काढून सुंता झाल्यासारखं करून देतात, दोन्ही एकाच भुलीत.

मग सहा महिनेच का? साधारण 6 ते 18 महिने हा काळ धरतात. सहा महिन्यांच्या आत भुलीचा धोका जास्त असतो हे एक. दुसरं, लोकांना वाटतं मोठा होऊ दे, अवयव मोठा झाला की काम सोपं, पण पहिल्या काही महिन्यांत हार्मोन वाढून शिश्न थोडं वाढतं आणि मग वयात येईपर्यंत फारसं वाढतच नाही, त्यामुळे पाच वर्षं थांबून फार काही मिळत नाही. उलट दीड वर्षाच्या आत डायपर चालू असतो, ऑपरेशननंतर ठेवलेली नळी सांभाळणं सोपं जातं आणि मुलाला नंतर काही आठवत नाही. अवयव फारच लहान असेल तर काही सर्जन आधी हार्मोन देतात, पण ते सगळ्यांना नाही.

तर आपलं बाळ नऊ महिन्यांचं झाल्यावर ऑपरेशन होतं. भुलीत कृत्रिम ताठरपणा आणून बाक किती आहे ते बघतात आणि तो सरळ करतात. मग बारीक नळी आत ठेवतात, साधारण आठवडाभर, आणि डबल डायपर लावतात, म्हणजे आतला शीसाठी आणि नळीचं टोक बाहेरच्या डायपरमध्ये, त्यात शू गळत राहते. सूज, निळसरपणा, डायपरवर रक्ताचे थेंब दिसतात, आईबापाचा जीव वर-खाली होतो पण हे अपेक्षित आहे. ताप, पू, न थांबणारं रक्त किंवा नळीतून शू यायचीच बंद झाली तर मात्र लगेच फोन.

नळी काढल्यावर धार बघत राहायचं, कारण बिघाड तिथेच कळतो. टोकातून धार येतेय पण खालून एक थेंब किंवा दुसरी बारीक धारही येतेय, तर फिस्टुला, म्हणजे टाक्यांतून नवी वाट पडली. धार दोऱ्यासारखी बारीक झाली आणि बाळ जोर लावतंय, तर टोकाचं भोक आवळलंय. हे सौम्य प्रकारातही काही मुलांना होतं, भोक फार मागे असलेल्या प्रकारात बरंच जास्त. फिस्टुला दिसला म्हणून लगेच परत टेबलावर घेत नाहीत, किमान सहा महिने जखम मऊ होऊ देतात.

आणि दुसऱ्या-तिसऱ्या ऑपरेशनच्या वेळी, किंवा सुंता आधीच होऊन गेलेली असेल आणि जागेवर पुरेशी चांगली कातडी नसेल तेव्हा, सर्जनला दुसरीकडे शोधावं लागतं, बहुतेक वेळा तोंडात, गालाच्या आतलं अस्तर, कारण तेही ओलं राहायला सरावलेलं असतं. ते काढून आधी शिश्नावर सपाट बसवतात, काही महिने रुजू देतात आणि मग वेगळ्या ऑपरेशनमध्ये त्याची नळी करतात.