सीमांत खर्च सरासरी खर्चाला तळाशीच का छेदतो

सीमांत खर्च म्हणजे आणखी एक नग काढायला लागणारा जादा खर्च, आणि बदलता खर्च म्हणजे उत्पादनाबरोबर बदलणारा. सीमांत खर्चाचा वक्र सरासरी बदलत्या खर्चाच्या वक्राला आणि सरासरी एकूण खर्चाच्या वक्राला, दोघांनाही, त्यांच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर छेदतो. काही जुन्या पुस्तकांत खर्चाऐवजी परिव्यय किंवा व्यय असा शब्द सापडतो, अर्थ तोच. ही आकृती काढताना छेद तळाच्या जरा डावीकडे-उजवीकडे गेला की पेपर तपासणारा मार्क कापतो, आणि तो बरोबरच करतो, पण आकृती पाठ करणाऱ्याला हा अर्थशास्त्राचा काहीतरी नियम वाटत राहतो. खरं तर यात अर्थशास्त्र फार थोडं आहे, हा सरासरीचाच गुणधर्म आहे. अर्थशास्त्र येतं ते वक्र खोलगट का असतो या प्रश्नात, तो वेगळा.

सरासरीचा गुणधर्म क्रिकेटवाल्यांना न शिकवता कळतो. १९४८ साली ओव्हलवर डॉन ब्रॅडमन शेवटच्या डावाला उतरला तेव्हा त्याच्या कसोटी धावा होत्या ६९९६ आणि तो ६९ वेळा बाद झालेला, म्हणजे सरासरी १०१.३९. त्या डावात शून्यावर बाद झाला आणि सरासरी ९९.९४ वर आली. नवा डाव जुन्या सरासरीपेक्षा कमी पडला म्हणून सरासरी खाली आली, एवढंच. आधीच्या डावात त्याने किती केल्या होत्या, फॉर्म चढता होता की उतरता, याचा इथे काही संबंध नाही, नव्या डावाची तुलना फक्त सरासरीशी होते. त्या दिवशी त्याने १०१ च्या वर धावा काढल्या असत्या तर सरासरी चढली असती, आणि बरोबर सरासरीएवढ्या काढल्या असत्या तर ती जागची हलली नसती. सीमांत खर्च म्हणजे हा नवा डाव, सरासरी खर्च म्हणजे आत्तापर्यंतची सरासरी.

आता खर्चाचं उदाहरण घेऊ, आकडे कल्पित आहेत पण मुद्दाम असे निवडलेत की हिशोब स्वच्छ बसतो. एक पावाची भट्टी समजा. जागेचं भाडं, ओव्हनचा हप्ता वगैरे धरून दिवसाचा स्थिर खर्च ३२०० रुपये, पाव काढा की न काढा. पहिल्या लॉटला भट्टी तापवायची लाकडं जातात म्हणून बदलता खर्च १००० येतो, दुसरा आणि तिसरा लॉट तापलेल्या भट्टीत ४००-४०० मध्ये निघतो, चौथ्याला जागा अपुरी पडायला लागते, कारागीर एकमेकांच्या पायात येतात आणि १००० लागतात, पाचवा म्हणजे ओव्हरटाइम, थोडे पाव जळणार, २२००.

| लॉट | सीमांत खर्च | सरासरी बदलता | सरासरी एकूण |
|---|---|---|---|
| १ | १००० | १००० | ४२०० |
| २ | ४०० | ७०० | २३०० |
| ३ | ४०० | ६०० | १६६७ |
| ४ | १००० | ७०० | १५०० |
| ५ | २२०० | १००० | १६४० |

तिसरा लॉट ४०० चा, तो आधीच्या ७०० च्या सरासरीपेक्षा स्वस्त, म्हणून सरासरी बदलता खर्च ६०० वर उतरला. चौथा लॉट १००० चा, ६०० पेक्षा महाग, सरासरी ७०० वर चढली. म्हणजे तळ तिसऱ्या लॉटला. सरासरी एकूण खर्चाच्या बाबतीत मात्र हाच चौथा लॉट स्वस्त ठरतो कारण तिथली आधीची सरासरी १६६७ होती, त्यामुळे ती १५०० ला येते, आणि पाचवा २२०० चा आला की वर जाते, म्हणजे तिचा तळ चौथ्या लॉटला. एकच चौथा लॉट एका सरासरीला वर ढकलतोय आणि दुसरीला खाली ओढतोय, आणि दोन तळ दोन वेगळ्या जागी का असतात हे याच ओळीत दिसतं.

इथे हुशार विद्यार्थी अडतो. तक्त्यात कुठेच सीमांत खर्च आणि सरासरी सारखे नाहीत, तिसऱ्या लॉटला ४०० आणि ६००, चौथ्याला १००० आणि १५००, मग छेद कुठाय? तक्ता चुकलेला नाही. तक्त्यातला सीमांत खर्च हा दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातानाच्या अख्ख्या उडीचा खर्च आहे, तो तिसऱ्या बिंदूचा नाहीच, म्हणून आलेखावर काढताना तो २ आणि ३ च्या मधे, अडीचवर टाकायचा असतो आणि पुढचा साडेतीनवर. सरासरी मात्र बरोबर ३ वर. अडीचवर ४००, साडेतीनवर १०००, आणि त्यांच्या मधून जाणारी रेषा ६०० च्या उंचीला ३ च्या जवळपासच गाठते. बऱ्याच गाइडांत सीमांत खर्चही सरळ ३ वर टाकतात, मग छेद तळाच्या उजवीकडे सरकतो आणि मग वक्र हाताने ओढून छेद तळावर बसवतात. आकृती बघून ही चूक लगेच ओळखता येते.

लॉटचे हवे तितके बारीक तुकडे करता येतात असं धरलं की हा गोंधळ संपतो. वरच्या तक्त्यामागे जे सूत्र आहे ते शंभर रुपयांच्या मापात असं, q म्हणजे लॉटची संख्या, TVC एकूण बदलता खर्च, TFC एकूण स्थिर खर्च आणि MC सीमांत खर्च:

```
TVC = q^3 - 6q^2 + 15q
TFC = 32
MC  = 3q^2 - 12q + 15
```

q = 3 ला सरासरी बदलता खर्च 9 - 18 + 15 = 6 आणि MC = 27 - 36 + 15 = 6. q = 4 ला सरासरी एकूण खर्च 16 - 24 + 15 + 8 = 15 आणि MC = 48 - 48 + 15 = 15. दोन्हीकडे तंतोतंत. असं का व्हावं त्याचं उत्तर भागाकाराचं विकलन केलं की एका ओळीत मिळतं, सरासरी खर्चाचा, म्हणजे AC चा, उतार असा येतो:

```
d(AC)/dq = (MC - AC) / q
```

q नेहमी धन, म्हणून उताराचं चिन्ह फक्त कंसातल्या फरकावर ठरतं. सीमांत खाली असेल तर उतार ऋण, वर असेल तर धन, आणि तळाशी उतार शून्य म्हणजे फरकही शून्य. AC च्या जागी सरासरी बदलता ठेवा नाहीतर सरासरी एकूण, ओळ तीच राहते, कारण स्थिर खर्च q बरोबर बदलत नाही आणि दोघांचा सीमांत खर्च एकच असतो. भूमितीत सांगायचं तर आरंभबिंदूपासून एकूण खर्चाच्या वक्राला जी रेषा नुसती स्पर्श करून जाते तिचा उतार हाच सगळ्यात कमी सरासरी खर्च, आणि स्पर्श असल्यामुळे तोच तिथला सीमांत खर्च.

उलटं मात्र आपोआप खरं नाही. दोन्ही सारखे झाले म्हणजे तळच असं नसतं, सीमांत खर्च सरासरीला वरून खाली छेदत गेला तर तो सरासरीचा माथा असतो. तळ व्हायला सीमांत खर्च खालून वर आला पाहिजे.

एक गैरसमज फार चिवट आहे, की सीमांत खर्च वाढायला लागला की सरासरी वाढते. वरच्या सूत्रात सीमांत खर्च q = 2 ला तळ गाठून वाढायला लागतो, तरी सरासरी बदलता ३ पर्यंत आणि सरासरी एकूण ४ पर्यंत उतरतच राहते. सीमांत खर्च चढतोय की उतरतोय हे बघायचंच नाही, तो सरासरीच्या खाली आहे की वर एवढंच बघायचं.

स्थिर खर्च बदलला तर काय होतं तेही याच उदाहरणात बघता येतं. मालकाने भाडं वाढवलं आणि स्थिर खर्च ३२०० वरून १०००० झाला असं धरा. सीमांत खर्चाचा वक्र जागचा हलत नाही, सरासरी बदलत्याचा तळही ३ वरच. सरासरी एकूण खर्चाचा तळ मात्र ४ वरून ५ वर जातो आणि १५०० वरून ३००० ला पोचतो, आणि q = 5 ला सीमांत खर्च बघितला तर 75 - 60 + 15 = 30, म्हणजे ३००० च. तळ सरकतो तो त्याच सीमांत वक्रावरून वर चढत, त्याला दुसरी वाटच नाही. सरासरी एकूण खर्चाचा तळ नेहमी सरासरी बदलत्याच्या उजवीकडे का असतो तेही यातच आलं, स्थिर खर्च जास्त नगांवर वाटला जाऊन कमी होत असतो तोवर तो सरासरीला थोडा वेळ आणखी खाली ओढतो.

ही आकृती पहिल्यांदा कोणाची यावर एकमत नाही. सरासरी आणि सीमांत यांची गल्लत सोडवण्याचं श्रेय काही लेखक अर्थतज्ज्ञ एजवर्थच्या १९११ च्या सुमाराच्या लेखनाला देतात, तर आज छापली जाते तशी खर्चवक्रांची आकृती रूढ झाली ती अर्थतज्ज्ञ जेकब व्हायनरच्या १९३१ च्या जर्मन भाषेतल्या नियतकालिकातल्या इंग्रजी लेखामुळे. दुसरं मत जास्त पटतं, निदान आकृतीपुरतं. त्या लेखातली चूक तर लेखाइतकीच प्रसिद्ध झाली. अल्पकालीन वक्र म्हणजे कारखान्याचा आकार ठरलेला असतानाचा, दीर्घकालीन म्हणजे आकारही बदलता येतो तेव्हाचा. व्हायनरला दीर्घकालीन सरासरी खर्चाचा वक्र असा हवा होता की तो प्रत्येक अल्पकालीन वक्राच्या तळातून जाईल आणि कुठल्याही अल्पकालीन वक्राच्या वर मात्र जाणार नाही. आकृत्या काढणारे वाँग हे गणिती, त्यांनी सांगितलं की हे होऊ शकत नाही. व्हायनरने ऐकलं नाही, आणि १९५० च्या टिपेत चूक मान्य करूनही मूळ लेख तसाच ठेवला.

वाँग बरोबर होते ते याच नियमाने. अल्पकालीन वक्राच्या तळाशी उतार शून्य. दीर्घकालीन वक्र खाली उतरत असेल तर त्याचा उतार तिथे ऋण, आणि एकमेकांना नुसते स्पर्श करणाऱ्या दोन वक्रांचा स्पर्शबिंदूशी उतार एकच असावा लागतो. म्हणून उतरत्या भागात स्पर्श तळाच्या डावीकडे होतो, चढत्या भागात उजवीकडे, आणि फक्त एका ठिकाणी, दीर्घकालीन वक्राच्या स्वतःच्या तळाशी, दोन्ही तळ एकत्र येतात. तिथे अल्पकालीन सीमांत, दीर्घकालीन सीमांत आणि दोन्ही सरासऱ्या असे चारही एकाच बिंदूत भेटतात.

आता राहिला प्रश्न प्रत्यक्षात वक्र खोलगट असतो का. अर्थतज्ज्ञ जोएल डीनने १९३० च्या दशकात कारखान्यांचे हिशोब तपासले तेव्हा त्याला सीमांत खर्च बराचसा सपाट दिसला, आणि आइटमन व गथ्री यांनी १९५२ मध्ये कंपन्यांना विचारलं तर बहुतेकांनी सरासरी खर्च क्षमतेच्या जवळ जाईपर्यंत उतरतच जातो असं सांगितलं. डीनच्या आकड्यांवर आक्षेप आहेत, मुख्य म्हणजे कारखाने क्षमतेच्या काठापर्यंत चाललेच नसतील तर चढता भाग दिसणार कुठून. पण सीमांत खर्च खरंच सपाट असेल, समजा प्रत्येक नगाला ६०० च, तर सरासरी बदलता खर्चही ६०० ची आडवी रेषा होते, दोन वक्र एकमेकांवरच पडतात, आणि सरासरी एकूण खर्च ६०० च्या जवळ जवळ उतरत जातो पण तिथे कधी पोचत नाही. अशा आकृतीत छेद काढायला गेलं तर तो खोटाच काढावा लागेल.