जोखीम-सहनशीलता व जोखीम-क्षमता

जोखीम-सहनशीलता व जोखीम-क्षमता : वैयक्तिक अर्थनियोजनातील दोन परस्परभिन्न संकल्पना. नुकसानीची शक्यता मनाला किती सोसवते, हे सहनशीलतेवरून कळते. प्रत्यक्ष नुकसान झाल्यास घराचा व्यवहार न कोलमडता ते किती झेपेल, हे क्षमतेवरून कळते. पहिली व्यक्तीच्या स्वभावात असते, दुसरी तिच्या जमाखर्चात. मराठीत ‘सोसणे’ आणि ‘झेपणे’ ही दोन क्रियापदे हा भेद नेमका दाखवतात. सहनशक्ती या एकाच शब्दाने दोन्ही सांगू गेल्यास मात्र तो पुसला जातो. क्षमतेसाठी ‘ऐपत’ हा रूढ शब्द अधिक जवळचा आहे, परंतु त्यात खर्च करण्याची ताकद असा अर्थ आधी येत असल्याने प्रस्तुत नोंदीत तो टाळला आहे.

संकल्पनेचे मूळ : हा भेद या नावांनी केव्हापासून मांडला जाऊ लागला, यावर एकमत नाही. त्याचे बीज बहुधा स्विस गणितज्ञ डॅन्येल बेर्नुली यांच्या १७३८ साली सेंट पीटर्झबर्ग येथे प्रसिद्ध झालेल्या लॅटिन निबंधात आहे. एका गरीब माणसाच्या हाती सोडतीचे एक तिकीट येते. त्यावर वीस हजार डुकॅट मिळतील किंवा काहीच मिळणार नाही, आणि दोन्ही शक्यता सारख्याच आहेत. त्याने ते नऊ हजारांना विकून टाकले तर त्यात गैर काय, असे बेर्नुली विचारतात. उलट श्रीमंताने त्याच किमतीला ते घेण्याचे नाकारले तर तो चुकेल, असे त्यांचे मत दिसते. दोघांच्या धाडसाची तुलना येथे केलेलीच नाही. निर्णय बदलतो तो केवळ गाठीशी असलेल्या संपत्तीमुळे.

त्याच निबंधातील विम्याचे उदाहरण प्रस्तुत विषयाच्या आणखी जवळ जाते. एका व्यापाऱ्याचा दहा हजार रूबलचा माल ॲम्स्टरडॅमहून पीटर्झबर्गला समुद्रमार्गे यायचा आहे. त्या मोसमात शंभरांपैकी पाच जहाजे बुडतात आणि विम्याचा हप्ता आठशे रूबल पडतो. सरासरी नुकसान पाचशेच असल्याने हप्ता उघडच महाग आहे. तरीही, या मालाव्यतिरिक्त निदान ५,०४३ रूबल पदरी असल्याखेरीज त्या व्यापाऱ्याने विमा टाळू नये, असे बेर्नुली गणिताने दाखवतात. तोच विमा देऊ करणाऱ्याजवळ निदान १४,२४३ रूबल असावेत, असेही ते सांगतात. जोखीम-क्षमतेला इतके नेमके आकडे देण्याच्या प्रयत्नांपैकी हा सर्वांत जुन्यांपैकी एक असावा. यात एक अडचण मात्र आहे. ज्या सूत्राने हे आकडे येतात, त्यात प्रत्येक मनुष्याला संपत्तीची गोडी एकाच प्रमाणात कमी होत जाते असे गृहीत धरलेले आहे. म्हणजे स्वभावातील फरक सूत्राबाहेरच राहतो. ही उणीव जॉन प्रॅट (१९६४) आणि केनेथ ॲरो (१९६५) यांनी जोखीम-विमुखतेची, म्हणजे जोखीम टाळण्याच्या कलाची, मापे देऊन बरीच भरून काढली. पण त्यांच्या मापात संपत्ती व स्वभाव हे संपत्तीची गोडी दाखवणाऱ्या एकाच वक्रात मिसळलेले असल्याने आजचा भेद त्यातही वेगळा काढता येत नाही.

सहनशीलता स्वतंत्रपणे, प्रश्नावलीने मोजण्याची पद्धत पुढे मानसशास्त्राच्या अंगाने विकसित झाली. जॉन ग्रेबल व रूथ लिटन यांची १९९९ मधील तेरा प्रश्नांची प्रश्नावली तिचा परिचित नमुना आहे. यूरोपीय संघाच्या २०१४ च्या वित्तीय साधनांविषयीच्या निर्देशात (अंमल २०१८ पासून) सल्लागाराने ग्राहकाची नुकसान सोसण्याची आर्थिक ताकद आणि त्याची जोखीम-सहनशीलता या दोन्हींची माहिती घ्यावी, असे म्हटले आहे. त्यात पहिली आर्थिक स्थितीखाली आणि दुसरी उद्दिष्टांखाली घातली आहे. कंपन्यांच्या जोखीम-व्यवस्थापनात ‘सहनशीलता’ म्हणजे ठरवलेल्या मर्यादेपासून चालणारे विचलन. त्या अर्थाचा येथे संबंध नाही. काही लेखक सहनशीलतेत तयारी व क्षमता ही दोन्ही अंगे धरतात. हा वापर चूक नव्हे, पण त्यामुळे दोन्हींची सरासरी काढण्याचा मोह होतो, आणि एकट्या कमावत्याच्या घरात तीच सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

एकट्या कमावत्याचे कुटुंब : नवरा-बायको, दोन मुले आणि एक वृद्ध पालक असे पाच जणांचे घर घेऊ. कमावणारे माणूस एकच आहे. महिन्याचे उत्पन्न १०० एकक धरले तर त्यातून घरकर्जाच्या हप्त्याला २८, घरखर्च व औषधांना ३५, शिक्षणाला १० आणि विम्याला ४ जातात. हे ७७ एकक टाळता येण्याजोगे नाहीत. उरलेल्या २३ पैकी ९ हौसेमौजेवर खर्च होतात व १४ शिल्लक पडतात. बँकेत १५० एकक आहेत आणि समभाग फंडात १,००० एकक. कमावत्या माणसाने प्रश्नावली भरली तेव्हा ‘बाजार निम्म्याने पडला तर काय कराल?’ यावर त्याने ‘आणखी खरेदी करेन’ असे लिहिले. तो खोटे बोलला नव्हता. आधीच्या एका पडझडीत त्याने खरोखरच तसे केले होते. त्याची सहनशीलता वरच्या श्रेणीत धरली गेली आणि पैसा समभागांतच राहिला.

आता व्यवसायात मंदी आली, बाजार ४० टक्क्यांनी उतरला आणि त्याच सुमारास नोकरी नऊ महिन्यांसाठी गेली असे समजू. दोन आपत्ती एकदम येणे हा निव्वळ दुर्दैवाचा योगायोग नसतो. मंदीत नोकरकपात व बाजारातील घसरण यांचे मूळ पुष्कळदा एकच असते. नऊ महिन्यांचा अटळ खर्च ६९३ एकक होतो. बँकेतले १५० दोन महिनेही पुरत नाहीत. उरलेले ५४३ फंडातून काढावे लागतात, पण फंडाचे मूल्य आता ६०० आहे. ते सगळे तळाच्या भावाने विकले असे सोयीसाठी धरले, तर शिल्लक राहतात ५७ एकक. पुढे बाजार मूळ पातळीवर परत आला तरी या ५७ चे ९५ होतात. हजाराचे ९५.

येथे माणूस घाबरला नाही. त्याने घाईने काही विकले नाही. हप्ता भरायचा होता म्हणून विकले. म्हणूनच सहनशीलतेची कोणतीही प्रश्नावली हे नुकसान आधी दाखवू शकली नसती. बाजारातील घसरण कागदावरच राहावी, यासाठी वाट पाहण्याची मुभा लागते, आणि ती मुभा महिन्यांत मोजावी लागते.

तेच ११५० एकक वेगळे वाटून पाहावेत. ७०० बँकेत वा अल्पमुदतीच्या ठेवीत आणि ४५० समभागांत असते, तर नऊ महिन्यांनी ठेवीत ७ उरले असते. समभाग मात्र हात न लागता ४५० चे २७० होऊन पुन्हा ४५० झाले असते. माणूस तोच, मंदी तीच. अखेरची शिल्लक ९५ ऐवजी ४५७. चांगल्या काळात या वाटणीने परतावा कमी दिला असता, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही.

दोन कमावत्यांशी तुलना : मूळच्याच वाटणीत १०० एककांचे उत्पन्न ६० व ४० असे दोघांकडून येत असते आणि ६० चे उत्पन्न थांबले असते, तर दरमहा तूट ३७ ची आणि नऊ महिन्यांची ३३३ ची झाली असती. बँकेतले १५० वापरून फंडातून फक्त १८३ काढावे लागले असते. राहिलेल्या ४१७ चे बाजार सावरल्यावर ६९५ झाले असते. उत्पन्न, खर्च, शिल्लक आणि स्वभाव सगळे सारखे असूनही क्षमतेत एवढे अंतर पडते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. घरातील दुसरी प्रौढ व्यक्ती ही राखीव शक्ती असते, गरज पडल्यास ती कामाला लागू शकते; दोघे आधीच कमावत असतील आणि दोघांच्या पगारावर हप्ते बांधलेले असतील तर ही राखीव शक्ती उरत नाही. बेकारीच्या काळात घरातील आणखी कोणी काम शोधू लागते, ही कल्पना व्लादिमिर वॉयटिन्स्की यांनी १९४० मध्ये मांडली. पुढे झ्वी बोडी, रॉबर्ट मर्टन व विल्यम सॅम्युएल्सन यांनी १९९२ मध्ये, श्रमाचे प्रमाण बदलण्याची मुभा असलेला माणूस अधिक जोखीम घेऊ शकतो, असे गणिती रीतीने दाखवले. तत्त्व म्हणून आक्षेप मान्य व्हावा असाच आहे. परंतु शेली लुंडबर्ग यांच्या १९८५ च्या अभ्यासात हा परिणाम अल्पच आढळला. शिवाय वरील घरातील दुसरी व्यक्ती रिकामी बसलेली नाही. मुलांची व वृद्धाची देखभाल तीच करते. ती बाहेर पडली तर ते काम पैसे देऊन करून घ्यावे लागेल. तेव्हा राखीव शक्ती धरायची तर अपेक्षित पगारातून देखभालीचा खर्च व काम मिळेपर्यंतचे महिने वजा करूनच धरावी.

मृत्यूची जोखीम मुदत विम्याने बरीच झाकता येते. अपंगत्वाची अधिक कठीण असते, कारण उत्पन्न थांबते आणि खर्च मात्र वाढतो.

कोणाची सहनशीलता? : प्रश्नावली बहुधा कमावता माणूस भरतो. घराचा महिना ज्याच्या हातून निभावतो त्याला कोणी विचारत नाही. वरील उदाहरणात दुसऱ्या जोडीदाराला बँकेत निदान सहा महिन्यांचा खर्च नसेल तर रात्री झोप येत नसेल, तर ती भित्रेपणाची खूण समजू नये. कोणता खर्च पुढे ढकलता येतो आणि कोणता नाही, हे त्या व्यक्तीला नेमके ठाऊक असते. अशी अस्वस्थता पुष्कळदा क्षमतेचाच अंदाज असते. उलट प्रकारही आढळतो. कमावत्याची नोकरी पक्की, कर्ज नाही, शिल्लक भरपूर, आणि तरी थोड्या घसरणीने तो सर्व विकून टाकतो. तेथे क्षमता आहे, सोसवत नाही. दोन्हींत जी कमी तिच्यावरून मर्यादा ठरवावी, हे मत सामान्यतः स्वीकारले जाते. मात्र क्षमता कमी असताना समजावणीने काही साधत नाही. सहनशीलता कमी असताना माहितीने व अनुभवाने ती थोडीफार वाढू शकते.

कालमानाने बदल : सहनशीलता प्रौढपणी तुलनेने स्थिर राहते, असा बहुतेक अभ्यासांचा कल आहे. क्षमता मात्र एका दिवसात बदलते. वरील घराचे कर्ज फिटले की अटळ खर्च ७७ वरून ४९ वर येतो. बँकेतले तेच १५० एकक दोन महिन्यांऐवजी तीन महिने पुरतात आणि नऊ महिन्यांची गरज ६९३ वरून ४४१ होते. घरात नवे मूल आले किंवा पालकाचे आजारपण वाढले, तर हेच आकडे उलट दिशेने सरकतात, आणि आधी भरलेल्या प्रश्नावलीतील एकही उत्तर बदललेले नसते.