कॉपी चालू आहे, मग प्रोसेसर रिकामा कसा?

लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत एक मागणी वर्षानुवर्षं ऐकू येते: "कॉपी फार स्लो होते हो, जरा मोठा प्रोसेसर टाकून द्या." माझ्या ओळखीच्या दादरच्या एका फोटोग्राफरलाही कुणीतरी हाच सल्ला दिला होता. लग्नाचं शूटिंग आटपून घरी आलं की ते ६४ जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर उतरवून घेतात आणि त्यात जवळजवळ अर्धा तास जातो. त्यांनी मला टास्क मॅनेजर उघडून दाखवला. कॉपी चालू होती आणि सीपीयूचा आकडा होता ४ टक्के. "बघा, हा कामच करत नाही!" ते वैतागून म्हणाले.

खरं तर तो आकडा पाहून समाधान वाटायला हवं. कॉपी करताना प्रोसेसर रिकामा राहावा, यासाठी इंजिनिअरांनी काही दशकं खर्ची घातली आहेत.

जुनी हार्ड डिस्क घेऊ, म्हणजे पायऱ्या स्पष्ट दिसतात. मिनिटाला ७२०० फेरे मारणाऱ्या डिस्कवरून एखादा तुकडा वाचायचा, तर आधी तिचं डोकं योग्य वर्तुळावर जातं, मग तो तुकडा फिरत डोक्याखाली यावा लागतो. या सगळ्याला साधारण १२ मिलिसेकंद लागतात. आपल्याला हे क्षणार्धात वाटतं, पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची घड्याळाची टिकटिक तेवढ्यात ३ कोटी ६० लाख वेळा होते. या काळात प्रोसेसरने करायचं काय?

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे डिस्कला सतत विचारत राहायचं. याला पोलिंग म्हणतात. जुन्या आयडीई जोडणीच्या डिस्कची स्थिती 0x1F7 या पोर्टवर, म्हणजे उपकरणाशी बोलायच्या ठरावीक पत्त्यावर, कळायची आणि तिथला सगळ्यात वरचा बिट १ असेपर्यंत डिस्क कामात आहे असं समजायचं:

```c
while (inb(0x1F7) & 0x80)
    ;
```

दुसऱ्या ओळीत नुसता अर्धविराम आहे, म्हणजे विचारण्यापलीकडे काहीच काम नाही. त्या कोट्यवधी टिकटिकी इथेच वाया जातात.

इंटरप्ट हा त्यावरचा तोडगा. प्रोसेसर डिस्कला हुकूम देतो आणि दुसऱ्या प्रोग्रामकडे वळतो. तुकडा तयार झाला की डिस्कचा कंट्रोलर विजेचा एक संकेत पाठवतो. प्रोसेसर हातातलं काम कुठवर आलं ते नोंदवून ठेवतो, त्या उपकरणासाठी लिहिलेला छोटा प्रोग्राम चालवतो आणि मग मूळ कामावर परत येतो. वाट पाहण्याचा प्रश्न सुटला.

पण डेटा हलवायचा प्रश्न राहिलाच, आणि इथेच बरेच लोक फसतात. इंटरप्ट आला म्हणजे डेटा मेमरीत आला असं नाही. तो अजून डिस्कच्या कंट्रोलरपाशीच असतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे पीआयओमध्ये, प्रोसेसर स्वतः 0x1F0 या पोर्टवरून एका वेळी २ बाइट उचलून मेमरीत ठेवायचा. ५१२ बाइटच्या एका सेक्टरसाठी अशा २५६ खेपा. या पद्धतीच्या मोड ४ मध्ये एका खेपेला १२० नॅनोसेकंद लागायचे आणि तेवढा वेळ प्रोसेसर अडकलेला असायचा. १ जीबीची फाइल म्हणजे सुमारे ५३ कोटी ७० लाख खेपा, म्हणजेच एक मिनिटाहून जास्त वेळ निव्वळ हमाली. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी त्या १२० नॅनोसेकंदांत फरक पडत नाही, कारण वेग केबलपलीकडचं उपकरण ठरवतं.

डायरेक्ट मेमरी ॲक्सेसने, म्हणजे डीएमएने, ही हमाली प्रोसेसरकडून काढून घेतली. संगणकाच्या रचनेतली ही माझी सगळ्यात आवडती कल्पना आहे. प्रोसेसर मेमरीतच एक छोटी यादी तयार करतो. आयडीईच्या काळात यादीतली प्रत्येक नोंद ८ बाइटची असायची. डेटा मेमरीत कुठल्या पत्त्यावर टाकायचा, किती बाइट टाकायचे आणि ही शेवटची नोंद आहे का, एवढंच तिच्यात लिहिलेलं. एका नोंदीत जास्तीत जास्त ६४ किलोबाइट मावायचे. फाइलचे तुकडे मेमरीत विखुरलेले असले तरी बिघडत नाही, प्रत्येकाची वेगळी नोंद करायची. मग प्रोसेसर कंट्रोलरला या यादीचा पत्ता देतो, "सुरू कर" असा बिट लावतो आणि बाजूला होतो. पुढे कंट्रोलर स्वतःच यादी वाचतो, डेटा थेट मेमरीत लिहितो आणि सगळं संपल्यावर एकदाच इंटरप्ट देतो. दर खेपेला ६४ किलोबाइट मागवले, तर १ जीबीसाठी १६,३८४ इंटरप्ट पुरतात.

हे नसेल तर काय होतं, ते विंडोज एक्सपीच्या काळात अनेकांनी भोगलं आहे. डिस्क किंवा सीडीकडून डेटा चुकीचा आला किंवा वेळेत आला नाही, की विंडोज त्याची नोंद ठेवायचं. अशा एकूण सहा चुका झाल्या की वेग एकेक पायरी खाली आणायचं आणि शेवटी डीएमए बंद करून पीआयओवर यायचं. ओरखडे पडलेली एक सीडी किंवा सैल केबल त्याला पुरेशी असायची. मग गाणं अडखळायचं, माऊस धक्के खात सरकायचा आणि लोक म्हणायचे, व्हायरस आला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या आयडीई चॅनलच्या सेटिंगमध्ये PIO Mode असं लिहिलेलं दिसलं, की रोगाचं निदान झालं. चॅनल अनइन्स्टॉल करून कॉम्प्युटर रीस्टार्ट केला की डीएमए परत यायचा. त्याऐवजी डेस्कटॉपवर रिफ्रेश दाबत बसणं किंवा "स्पीड बूस्टर" टाकणं हा नुसता गंडा-दोरा होता, आणि आजही आहे. डेटा कोण वाहून नेतो आहे, याला त्यातलं काहीही हात लावत नाही.

फोटोग्राफरच्या कॉम्प्युटरमध्ये डीएमए व्यवस्थित चालू होता, म्हणून तर आकडा ४ टक्के. अडचण वेगळीच निघाली. कार्ड रीडर यूएसबी २ च्या पोर्टला लावलेला होता. त्या पोर्टची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट असली तरी प्रत्यक्षात ३५ ते ४० मेगाबाइटच मिळतात. त्या हिशेबाने ६४ जीबीला अर्ध्या तासाच्या आसपास लागणारच. रीडर आणि पोर्ट दोन्ही यूएसबी ३ चे घेतले, की कार्डाचा स्वतःचा वेग मिळतो आणि सेकंदाला ९० मेगाबाइट देणारं कार्ड १२ मिनिटांत रिकामं होतं. प्रोसेसर तोच.

इतकं वाचून पोलिंग कालबाह्य झालं असं वाटेल, पण तसं नाही. गिगाबिट नेटवर्कवर डेटा पॅकेटं नावाच्या तुकड्यांत येतो आणि सगळ्यात छोटी पॅकेटं सेकंदाला १४ लाख ८८ हजारांपर्यंत येऊ शकतात. म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या एका कोअरला एका पॅकेटमागे फक्त दोन हजार टिकटिकी मिळतात, आणि हातातलं काम थांबवून पुन्हा सुरू करण्यातच त्यातला मोठा भाग जातो. प्रत्येक पॅकेटला इंटरप्ट आला, तर प्रोसेसर दिवसभर फक्त इंटरप्टच झेलत बसेल आणि पॅकेट कुणापर्यंत पोहोचणारच नाही.

म्हणून लिनक्समध्ये एनएपीआय नावाची तडजोड आहे. पहिलं पॅकेट आलं की इंटरप्ट येतो. ड्रायव्हर लगेच नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट बंद करतो आणि डीएमएने मेमरीत येऊन पडलेली पॅकेटं स्वतः जाऊन उचलतो, साधारणपणे एका फेरीत जास्तीत जास्त ६४. रांग संपली की इंटरप्ट पुन्हा चालू. गर्दीत पोलिंग आणि शांततेत इंटरप्ट. लिनक्स वापरणाऱ्यांनी मोठं डाउनलोड लावून ही कमांड चालवावी:

```
watch -n1 cat /proc/interrupts
```

नेटवर्क कार्डाच्या ओळीतला आकडा आलेल्या पॅकेटांच्या मानाने बराच हळू वाढताना दिसेल. आणि `top` मध्ये इंटरप्टनंतर उरलेलं काम उरकणारा `ksoftirqd` सतत वर राहत असेल, तर पॅकेटांचा भार त्या कोअरला झेपेनासा झाला आहे असं समजावं.