स्टॅटिक प्रेशर रीसेट: किती खोल्यांकडे दुर्लक्ष करायचं?

पार्श्वभूमी

१९७३ च्या तेलसंकटानंतर मोठ्या इमारतींच्या वातानुकूलनात प्रत्येक खोलीची हवा गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारी व्हीएव्ही पद्धत पसरली, तेव्हा हवेच्या डक्टमधला दाब कायमचा ठरवून ठेवला जाई. सेन्सर लांबात लांब डक्टच्या दोन-तृतीयांश अंतरावर बसवायचा आणि सेटपॉइंट अडीचशे-तीनशे पास्कलच्या आसपास ठेवायचा, अशी रीत होती. हवा कमी लागली की खोलीखोलीला हवा सोडणाऱ्या बॉक्सचे डॅम्पर, म्हणजे झडपा, मिटत आणि फॅनने तयार केलेला दाब तिथेच वाया जाई. फॅनचा वेग बदलणारा व्हेरिएबल स्पीड ड्राइव्ह आल्यावरही हे बदललं नाही, कारण ड्राइव्ह तोच ठरलेला दाब राखत होता. प्रत्येक बॉक्सवर डिजिटल कंट्रोलर आल्यावर मात्र डॅम्पर किती उघडा आहे हे हवा थंड करून डक्टमध्ये सोडणाऱ्या एएचयूला कळू लागलं. मग अमेरिकेतल्या ऊर्जा मानकाने १९९९ मध्ये अशा यंत्रणांना दाब गरजेप्रमाणे रीसेट करणं बंधनकारक केलं.

कसा करायचा, हे प्रत्येकजण आपापल्या परीने लिहीत होता. सर्वांत उघडा डॅम्पर नव्वद टक्क्यांवर ठेवणारा पीआयडी लूप लोकप्रिय होता, पण एक डॅम्पर अडकला की अख्खी यंत्रणा त्याच्यामागे धावायची. अ‍ॅश्रे या अमेरिकी संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेने 'ट्रिम अँड रिस्पॉन्ड' ही रीत आकड्यांसकट मांडली. सुरुवात १२० पास्कलवर, पहिली १० मिनिटं बदल नाही, मग दर २ मिनिटांनी दाब १२ पास्कलने उतरवायचा, हा झाला ट्रिम. डॅम्पर ९५ टक्क्यांपलीकडे गेला की बॉक्स दाब वाढवण्याची एक रिक्वेस्ट पाठवतो. हवा ठरवलेल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर दोन, ५० टक्क्यांखाली असेल तर तीन. एकूण रिक्वेस्टमधून दोन सोडून द्यायच्या आणि उरलेल्या प्रत्येकीमागे १५ पास्कल वाढवायचे. एका वेळी जास्तीत जास्त ३२.

वाद आहे तो या 'दोन सोडून द्यायच्या'वर. शंभर बॉक्सच्या इमारतीत दोनकडे दुर्लक्ष करणं सहज खपतं. विदर्भात तालुक्याच्या गावी उभ्या राहणाऱ्या हॉस्पिटलांत एका एएचयूवर बारा-पंधराच बॉक्स असतात. तिथे हा आकडा जसाच्या तसा उचलणं मला घातक वाटतं.

यवतमाळ भागातल्या अशाच एका इमारतीचं उदाहरण घ्या. मार्च महिना, जवळच जिनिंग सुरू, फिल्टरच्या चौकटीला फट. कापसाची बारीक रुई आत गेली आणि औषध वाटप खोलीच्या बॉक्समधल्या हवा मोजणाऱ्या नळीच्या छिद्रांवर बसली. हवा ताशी २५० घनमीटर मागितली होती, कंट्रोलर वाचत होता ११०. म्हणजे ४४ टक्के. डॅम्पर पूर्ण उघडला, तीन रिक्वेस्ट गेल्या, दोन वजा झाल्या, एक उरली. तेवढ्या एकीवर दाब चढत चढत ३०० च्या कमाल मर्यादेला टेकला आणि दिवसभर तिथेच राहिला. खोली मात्र गारठली होती. खरी खूण हीच: डॅम्पर पूर्ण उघडा, हवेचं वाचन कमी, आणि तरी खोली सेटपॉइंटपेक्षा थंड. दाब खरंच कमी असता तर खोली तापली असती.

तिथल्या कंत्राटदाराने सोडायच्या रिक्वेस्ट तीन केल्या. स्क्रीनवर दाब उतरला, पण पुढे औषधखोलीच्या रिक्वेस्ट थांबल्यावर प्रसूतिकक्षाला अर्धीही हवा मिळाली नसती तरी त्याच्या तीन रिक्वेस्ट कुणी ऐकल्या नसत्या. दुर्लक्षाच्या आकड्याला खोलीचं नाव नसतं. त्याच मार्गदर्शिकेत प्रत्येक खोलीला तिच्या महत्त्वानुसार गुणक देण्याची सोय आहे, त्याने तिच्या रिक्वेस्टना गुणायचं. नळी साफ होईपर्यंत औषधखोलीचा गुणक शून्य आणि प्रसूतिकक्षाचा एकपेक्षा जास्त ठेवायला हवा होता. कोणती खोली किती वेळ रिक्वेस्ट देत राहते याची टक्केवारी साठवायलाही तिथेच सांगितलं आहे. ती ७० च्या वर गेली की आधी त्या बॉक्सकडे जायचं. नळी फुंकून साफ केल्यावर इथलं वाचन खरं झालं, डॅम्पर मिटत आला आणि त्याच्या रिक्वेस्ट थांबल्या.

आपल्याकडे दुसरा आकडाही तपासावा लागतो, तो सुरुवातीच्या १२० चा. मे महिन्यात दुपारी लाइट गेली आणि जनरेटरवर एएचयू पुन्हा सुरू झाला, की दाब १२० वरून निघतो. दहा मिनिटं थांबून ३०० पर्यंत चढायला एकूण वीस-तीस मिनिटं जातात. बाहेर ४५ अंश असताना हे परवडत नाही आणि मग ऑपरेटर सेटपॉइंट हाताने ३०० वर टाकून देतो. तो तिथे टाकला की रीसेट संपला. पावसाळा लागला तरी कुणी परत ऑटोवर घेत नाही. त्यापेक्षा उन्हाळ्यात सुरुवातच २०० ते २५० पास्कलवर ठेवावी. गरज नसेल तर ट्रिम ते अर्ध्या तासात खाली आणतोच.